चॅटबॉटचे उत्तर चुकले. पण चूक शोधणाऱ्याची की लिहिणाऱ्याची?

समजा, वसमतच्या एका हळद उत्पादकाने शेतीसल्ल्याच्या चॅटबॉटला विचारले, ‘पानं पिवळी पडून गड्डे सडायला लागलेत, काय करू?’ बॉटने खताचा डोस सांगितला. लगेच सगळे म्हणणार, एआयला मराठी कळत नाही.

माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. असे बॉट दोन टप्प्यांत चालतात. आधी माहितीपत्रकांच्या साठ्यातून प्रश्नाशी जुळणारे काही उतारे शोधले जातात. मग भाषेचे मॉडेल ते वाचून उत्तर लिहिते. पत्रकात शब्द आहे ‘कंदकूज’, शेतकऱ्याने लिहिले ‘गड्डे सडले’. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर योग्य उतारा मॉडेलपर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून शोधाची परीक्षा वेगळी घ्यायला हवी. शेतकऱ्यांच्याच शब्दांतले ५० प्रश्न घ्या. प्रत्येकाचे उत्तर कोणत्या उताऱ्यात आहे, ते जाणकाराकडून आधीच नोंदवून ठेवा. आता फक्त शोध चालवा आणि तो उतारा पहिल्या पाचांत आला का, एवढेच पाहा. ३१ प्रश्नांत आला, तर पहिल्या पाचांतला ‘रिकॉल’ ६२ टक्के. त्यानंतर उत्तरे तपासा. समजा, ३४ बरोबर निघाली, म्हणजे ६८ टक्के.

शोधापेक्षा उत्तरे चांगली कशी? दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळते. उतारा सापडलेल्या ३१ पैकी २७ उत्तरे बरोबर, ४ चूक. न सापडलेल्या १९ पैकी ७ तरीही बरोबर, १२ चूक. ती ७ मॉडेलने आपल्या आठवणीतून दिली असावीत किंवा तीच माहिती दुसऱ्या एखाद्या उताऱ्यात असेल आणि आपल्या नोंदीतून सुटली असेल. हे हातानेच तपासावे लागते. आठवणीतून औषधाची मात्रा सांगणारा बॉट आज बरोबर ठरला, तरी मला तो धोक्याचाच वाटतो.

आता १६ चुका पाहा. उतारा समोर असूनही झालेल्या फक्त ४. महागडे नवे मॉडेल आणले, तरी त्याचा खात्रीचा उपयोग तेवढ्यापुरताच. उरलेल्या १२ साठी शोध पहिल्या वीसपर्यंत वाढवून बघा. उतारा तिथे दिसला, तर क्रमवारी सुधारायला हवी. तिथेही नसेल, तर बोलीतले शब्द जुळत नाहीत किंवा मूळ पीडीएफच जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, संगणकाला मात्र निरर्थक अक्षरे मिळतात.

एक पळवाट हमखास दिसते. प्रश्न पत्रक समोर ठेवूनच तयार केले जातात. ‘कंदकूज रोगाचे व्यवस्थापन कसे करावे?’ असे विचारले की रिकॉल झकास येतो. पण वसमतच्या बांधावरून असा प्रश्न येत नाही. त्यामुळे ‘आमचा बॉट इतके टक्के अचूक’ असा दावा दिसला, की रिकॉलचा आकडा वेगळा मागा आणि प्रश्न कुणी लिहिले, तेही विचारा.