ब्रोकरच्या पत्रकातला ‘खरेदी किंमत’ हा रकाना

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या भागांतील आपले बरेच व्यापारी व कारागीर बांधव आता शेअर बाळगतात. आर्थिक वर्ष संपले की ब्रोकरकडून भांडवली नफ्याचे पत्रक येते आणि ते न उघडताच सी.ए.च्या हाती दिले जाते. विक्रीचा दिवस आणि विक्रीची किंमत यांत सहसा चूक नसते. घोळ असतो तो खरेदी किमतीच्या रकान्यात, आणि कर ठरतो तो तिथेच.

रिलायन्सचेच उदाहरण घेऊ, कारण हा शेअर घरोघरी आहे. समजा, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील एका कारागिराने मार्च २०२३ मध्ये १०० शेअर २,३०० रुपये भावाने घेतले. गुंतवणूक २,३०,००० रुपये. जुलै २०२३ मध्ये कंपनीने आपला वित्त व्यवसाय वेगळा केला आणि प्रत्येक शेअरमागे जिओ फायनान्शियलचा एक शेअर दिला. हा शेअर फुकटचा नव्हे. मूळ खरेदीपैकी ९५.३२ टक्के रिलायन्सकडे व ४.६८ टक्के जिओकडे धरावेत, असे प्रमाण कंपनीने जाहीर केले होते. म्हणजे रिलायन्सची किंमत २,१९,२३६ रुपये झाली आणि जिओची १०,७६४. जिओची मुदतही मूळ खरेदीच्या दिवसापासूनच, मार्च २०२३ पासून, मोजायची.

त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. इथे नियम अगदी उलटा आहे. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य, आणि त्याची मुदत बोनस मिळाल्या दिवसापासून नव्याने सुरू. ब्रोकरच्या अ‍ॅपवर मात्र २०० शेअरची सरासरी १,०९६ रुपये दिसते. ही सरासरी नजरेच्या सोयीची आहे, करासाठी तिचा काडीचा उपयोग नाही. डीमॅट खात्यात जो शेअर आधी आला तोच आधी विकला गेला, असे कायदा धरतो.

आता या कारागिराने ऑगस्ट २०२५ मध्ये मुलीच्या लग्नासाठी सगळे विकले असे समजू. रिलायन्स १,४०० रुपयांनी आणि जिओ ३०० रुपयांनी. हाती आले ३,१०,००० रुपये. घातले होते २,३०,०००. खरा नफा ८०,००० रुपये. पत्रक मात्र वेगळे बोलते. जुन्या १०० शेअरवर ७९,२३६ रुपयांचा दीर्घ मुदतीचा तोटा आणि जिओवर १९,२३६ रुपयांचा दीर्घ मुदतीचा नफा, मिळून ६०,००० रुपये तोटा. बोनसच्या १०० शेअरना बारा महिने झालेले नाहीत, म्हणून त्यांचे पूर्ण १,४०,००० रुपये अल्प मुदतीचा नफा.

वाचकांना वाटेल, एकातून दुसरे वजा करावे. तसे करता येत नाही. दीर्घ मुदतीचा तोटा अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा होत नाही. तो फक्त पुढील आठ वर्षे दीर्घ मुदतीच्या नफ्यासमोर ठेवता येतो, तेही विवरणपत्र वेळेत भरले असेल तर. त्यामुळे १,४०,००० वर २० टक्के म्हणजे २८,००० रुपये कर आणि वर सेस ४ टक्के, एकूण २९,१२० रुपये. (त्याचे इतर उत्पन्न करपात्र आहे असे इथे धरले आहे.) ८०,००० च्या कमाईवर एवढा कर!

हाच माणूस नोव्हेंबर २०२५ पर्यंत थांबला असता आणि भाव तेच राहिले असते, तर सगळे शेअर दीर्घ मुदतीचे झाले असते. नफा ८०,०००, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त. कर शून्य. शेअरचा भाव तीन महिने तसाच राहील याची हमी कोणी देत नाही, हे खरे. पण लग्नासाठी निम्मीच रक्कम लागत असती, तर जुने १०० आधी विकून बोनस ठेवता आला असता.

म्हणून माझे म्हणणे असे की पत्रक विक्रीनंतर नव्हे, विक्रीआधी वाचावे. जिओसमोर खरेदी किंमत शून्य दिसली आणि रिलायन्ससमोर पूर्ण २,३०० दिसली, तर विभागणी झालेली नाही असे समजावे. जिओची खरेदी तारीख २०२३ च्या जुलै-ऑगस्टची दिसली तरी तेच. ज्यांनी ब्रोकर बदलून शेअर नव्या खात्यात नेले त्यांच्या पत्रकात हे अधिक आढळते, कारण नव्या ब्रोकरला जुना खरेदी भाव ठाऊकच नसतो. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकातील खरेदी किमतीवरही विसंबू नये. जुन्या ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट हाच खरा पुरावा, आणि ती खाते बंद करण्यापूर्वीच काढून घ्यावी.

ब्रोकरांनाही एक सांगणे आहे. किंमत कोणत्या प्रमाणात विभागली आणि कोणत्या तारखेपासून मुदत मोजली, एवढी एक ओळ प्रत्येक नोंदीखाली छापायला त्यांना काय अडचण आहे?