१०० टनी क्रेनला २७ टनांचा गर्डर जड का जातो?

उड्डाणपुलाच्या कामासाठी रात्री रस्ता बंद होतो, ट्रेलरवरून काँक्रीटचा लांबलचक गर्डर येतो आणि क्रेन तो अलगद उचलून पिअरवर ठेवते. खालून पाहणाऱ्याला वाटतं, एवढी अवाढव्य क्रेन आहे, तिला हे काय अवघड!

क्रेनच्या अंगावर '१०० टन' असं लिहिलेलंही असतं. पण हा आकडा बूम जवळपास उभी असताना, अगदी ३ मीटरच्या आसपासच्या अंतरावर खरा असतो. अंतर वाढलं की क्षमता झपाट्याने घसरते. १२ मीटरवर तीच क्रेन पाव क्षमतेपर्यंत खाली येऊ शकते.

१ ऑगस्ट २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. ते यंत्र वेगळं होतं आणि त्याचं गणितही वेगळं. मी इथे लिहितोय ते शहरातल्या पुलांवर सर्रास दिसणाऱ्या, चाकांवर चालत येणाऱ्या मोबाइल क्रेनबद्दल. तिच्या कामाआधी 'लिफ्टिंग प्लॅन' नावाचा कागद बनतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हा कागद बहुतेकदा ऑफिसात बरोबर असतो आणि साइटवर दोन-तीन मीटरने चुकतो.

वजन किती? ड्रॉइंगपेक्षा जास्त

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्यक्षात ते त्या-त्या क्रेनच्या लोड चार्टवरूनच घ्यायचे असतात.

गर्डर २० मीटर लांब आहे. मधल्या भागात त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ ०.४५ चौरस मीटर. म्हणजे ९ घनमीटर काँक्रीट. सळ्यांसह घनमीटरला २.५ टन धरले तर २२.५ टन. घाईत असलेला माणूस इथेच थांबतो.

पण अशा गर्डरची दोन्ही टोकं जाड असतात, त्यांना एंड ब्लॉक म्हणतात. त्यांचं जादा काँक्रीट धरलं की वजन २४ टनांवर जातं. शिवाय क्रेनचा हुक ब्लॉक, गर्डरवर आडवी धरायची स्प्रेडर बीम, स्लिंग आणि शॅकल हे सगळंही क्रेनच उचलत असते. त्याचे ३ टन धरू. एकूण २७ टन झाले, म्हणजे पहिल्या हिशेबापेक्षा साडेचार टन जास्त.

रेडियस कुठून मोजायचा?

क्रेन ज्या मध्यबिंदूभोवती फिरते तिथपासून हुकाच्या ओळंब्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रेडियस. क्रेनच्या बंपरपासून नाही, पुढच्या चाकापासूनही नाही. शिकताना मी काही महिने एका साइटवर होतो. तिथे एकदा क्रेनच्या पुढच्या टोकापासून टेप लावलेली पाहिली होती. तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नव्हतं, हे कबूल करतो.

आपल्या क्रेनचा चार्ट समजा असा आहे: ९ मीटरवर ३६ टन, १० मीटरवर ३२, १२ मीटरवर २५. आपला भार २७ टन. ९ मीटरवर क्षमतेच्या ७५ टक्के वापर होतो, हे ठीक आहे. १० मीटरवर ८४ टक्के. आणि १२ मीटरवर भार क्षमतेच्या पलीकडे जातो, म्हणजे तिथून हा गर्डर उचलायचाच नाही.

रेडियस एकच नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. ट्रेलरवरून उचलतानाचा एक, पिअरवर ठेवतानाचा दुसरा आणि मधल्या फेऱ्यातला तिसरा. प्लॅन यातल्या सर्वात मोठ्या रेडियससाठी करायचा. त्यात भार आला की बूम पुढे वाकते आणि रेडियस आपोआप थोडा वाढतो. रस्त्याची दुसरी लेन चालू ठेवण्यासाठी एका बाजूचे आउटरिगर अर्धेच उघडले, तर हा चार्ट लागू होत नाही. त्यासाठी वेगळा चार्ट असतो आणि त्यातले आकडे बरेच कमी असतात.

पायाखालची जमीन

क्रेन चाकांवर येते, पण उचलते चार पायांवर. या पायांना आउटरिगर म्हणतात. काउंटरवेटसह क्रेनचं स्वतःचं वजन ७० टन धरलं, त्यात भार २७, एकूण ९७ टन. हे चार पायांवर सारखं वाटलं जात नाही. बूम ज्या पायाच्या दिशेने वळते त्याच्यावर बहुतेक ओझं येतं. ढोबळ हिशेबात एकूण वजनाच्या तीन चतुर्थांश एका पायावर धरतात, म्हणजे सुमारे ७३ टन. नेमका आकडा क्रेन बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीतून मिळतो आणि तो मागायलाच हवा.

पायाखालची क्रेनची स्वतःची थाळी ६० बाय ६० सेंटिमीटर असेल, तर तिच्याखाली चौरस मीटरला २०० टनांचा दाब येतो. नीट कुटलेला मुरूम २० टन घेतो असं मातीच्या चाचणीवरून ठरलं, तर थाळीखाली किमान २ बाय २ मीटरची मॅट हवी. ती जाड आणि ताठ असली पाहिजे. पातळ लोखंडी प्लेट टाकली तर ती मध्ये वाकते, दाब पसरत नाही आणि रुंदी फक्त दिसायला उरते.

खरी अडचण पुढे आहे. रेडियस कमी ठेवायचा तर क्रेन पिअरच्या जवळ लावावी लागते. आणि पिअरच्या जवळची जमीनच सर्वात वाईट असते! पायासाठी तिथेच खोदलेलं असतं आणि नंतर माती लोटून खड्डा बुजवलेला असतो. वरून ती सपाट, कडक दिसते. अशा सैल भरावाने समजा चौरस मीटरला ७ टनच घेतले, तर त्याच पायाला सव्वातीन मीटर लांब-रुंद मॅट लागेल. शहरात त्यात ड्रेनेजची लाइन आणि केबलचे डक्ट येतात. काळ्या मातीत, पावसाळ्यात तर विचारायलाच नको.

म्हणजे जवळ गेलं की जमीन धोका देते आणि लांब गेलं की रेडियस. ऑफिसातला प्लॅन ९ मीटरचा असतो. रात्री दोन वाजता भराव पाहून अनुभवी ऑपरेटर म्हणतो, 'साहेब, इथे नको, मागे घेतो.' जमिनीबद्दल त्याचं बरोबरच असतं. पण तीन मीटर मागे गेलं की चार्टवरचे ३६ टन २५ होतात. यावरचे उपाय रात्री दोनला सापडत नाहीत. भराव आधीच काढून थराथराने मुरूम कुटायचा, नाहीतर मोठी क्रेन मागवायची. दोन्ही उपायांना दिवस लागतात आणि पैसेही.

१२ सेंटिमीटर खचलं तर?

दोन पायांमधलं अंतर ७ मीटर धरा. भाराच्या बाजूची जमीन १२ सेंटिमीटर खचली तर क्रेन जेमतेम १ अंश कलते. डोळ्याला ते दिसतही नाही. पण बूमचं टोक २५ मीटर उंचीवर असेल, तर हुक जवळपास ४५ सेंटिमीटर बाहेर सरकतो. त्यात बूमचा वाक मिळवा, म्हणजे ९ मीटरचा रेडियस १०च्या घरात जातो. रेडियस वाढला की त्याच पायावरचा दाब वाढतो आणि तो आणखी खचतो. शिवाय चार्टमधले आकडे क्रेन समतल आहे असं धरूनच दिलेले असतात.

नेदरलँड्समधल्या आल्फेन आन डेन रेन या गावात ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुलाचा भाग बसवताना दोन मोबाइल क्रेन घरांवर कोसळल्या. त्या जमिनीवर नव्हत्या, तराफ्यांवर होत्या. क्रेन, तराफा आणि भार या सगळ्याचं मिळून स्थैर्य अपुरं होतं, असं तिथल्या तपासात समोर आलं. मऊ भराव आणि तराफा यांत माझ्या मते फरक फक्त प्रमाणाचा आहे.

'आरिया' म्हणजे नक्की काय खाली?

आपल्याकडे गोदीपासून साइटपर्यंत दोन शब्द चालतात: 'हबेस' म्हणजे वर, 'आरिया' म्हणजे खाली. पण क्रेनमध्ये दोन गोष्टी खाली येतात, हुक आणि बूम. हुक खाली आला तर रेडियस बदलत नाही. बूम खाली आली तर रेडियस वाढतो. गर्डर बेअरिंगच्या दोन फूट वर असताना नुसतं 'आरिया' ओरडणं त्यामुळे धोक्याचं आहे.

हाताच्या खुणांमध्ये हा गोंधळ नाही. तर्जनी खाली करून गोल फिरवली की हुक खाली, हात आडवा धरून अंगठा खाली केला की बूम खाली. खूण देणारा एकच असतो आणि ऑपरेटर फक्त त्याचंच ऐकतो. अपवाद थांबण्याचा, तो इशारा कुणीही दिला तरी थांबायचं. वॉकीटॉकी असेल तर आवाज तुटला की हालचालही थांबली पाहिजे.

ट्रेलरपासून १० सेंटिमीटर वर

सगळ्या रात्रीत मला महत्त्वाची वाटतात ती ही तीन-चार मिनिटं. गर्डर ट्रेलरवरून फक्त १० सेंटिमीटर उचलायचा आणि तसाच धरून ठेवायचा. केबिनमधल्या सेफ लोड इंडिकेटरवर वजन वाचायचं. प्लॅनमध्ये २७ आणि स्क्रीनवर ३० दिसले, तर गर्डर परत खाली ठेवायचा. मग बूम गर्डर ठेवण्याच्या दिशेला जाईल तेव्हा कुठल्या पायावर जोर येणार, हे ओळखून त्या मॅटची पातळी आधीच टिपून ठेवायची, कारण ट्रेलरकडे तोंड असताना तो पाय निवांत असतो. तिकडे वळताना गर्डर शक्य तितका खाली ठेवून थांबायचं आणि पातळी पुन्हा बघायची. मॅट एका कोपऱ्यात दबली असेल, कडेने भेगा पडल्या असतील किंवा पाणी वर येत असेल, तर जमीन हरते आहे.

याच वेळी इंडिकेटरचा भोंगा वाजतो आणि याच वेळी बायपासची चावी फिरवली जाते. 'थोडंसंच तर आहे, सकाळी पाचला रस्ता सोडायचाय.' ही चावी ऑपरेटरच्या खिशात असूच नये, असं माझं मत आहे.

दुसरी मागणी अगदी साधी आहे. चारही पायांच्या जागा आणि क्रेनचा मध्यबिंदू आदल्या दिवशी रस्त्यावर रंगाने आखा. क्रेन त्या खुणांपासून अर्धा मीटर जरी सरकली, तरी प्लॅनवर सही करणाऱ्याने तिथे उभं राहून रेडियस पुन्हा मोजायचा आणि पुन्हा सही करायची. आज ती सही दुपारी ऑफिसात होते. सही करणारा रात्री दोनला झोपलेला असतो आणि मागे घ्यायची की नाही, हे ऑपरेटर एकटाच ठरवत असतो.