काठी छोटी, की माणसं कमी?

माननीय संपादक,

गेल्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका मोबाइलवरचं चित्र हातोहात फिरत होतं. ‘गोव्यातले ख्रिस्ती कुठे चालले?’ असा मथळा, खाली दोन स्तंभ: 2001 चा उंच, 2011 चा त्याच्या निम्म्याहूनही ठेंगणा. बायामाणसं हळहळत होती. मी चाळीस वर्षं मुलांना स्तंभालेख शिकवले, म्हणून माझी नजर आधी शेजारच्या तक्त्यावर गेली. तिथे जनगणनेचे आकडे बरोबर होते: 26.7 टक्के आणि 25.1 टक्के. मग स्तंभ निम्म्यावर कसा आला?

घरी छापील प्रत काढून पट्टी लावली. पहिला स्तंभ 8.1 सेंमी, दुसरा 3.3 सेंमी. म्हणजे 4.8 सेंमीचा फरक, आणि तक्त्यात फरक 1.6 टक्क्यांचा. म्हणजे 1 टक्का बरोबर 3 सेंमी. या हिशेबाने 8.1 सेंमीत फक्त 2.7 टक्के मावतात. 26.7 मधून 2.7 वजा केले, की उरले 24. चोरी सापडली! चित्र शून्यापासून नव्हे, 24 पासून सुरू होत होतं. खालचे 24 टक्के कापून टाकले होते आणि अक्ष मोडल्याची नागमोडी खूणही नव्हती. शून्यापासून काढलं असतं तर 8.1 सेंमीच्या शेजारी 7.6 सेंमी, म्हणजे जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक दिसला असता.

रेषालेखात अक्ष मधूनच सुरू केला तर चालतं, तापाच्या तक्त्यात कोणी शून्य अंश दाखवत नाही. कारण तिथे आपण चढउतार बघतो. स्तंभात मात्र डोळा लांबीच मोजतो. लांबी कापली की अर्थच बदलतो.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता, तो कोणी वाचलाच नव्हता. माणसांची संख्या 3,59,568 वरून 3,66,130 झाली, म्हणजे 6,562 ने वाढली. त्याच दशकात गोव्याची एकूण लोकसंख्या 1,10,877 ने वाढली. आपण कमी झालो नाही, बाकीची वस्ती जास्त वेगाने वाढली. टक्का घटला हे खरंच आहे, ते मी नाकारत नाही. पण स्थलांतराने की कमी जन्मांमुळे, हे दोन स्तंभ सांगू शकत नाहीत. त्यासाठी वेगळे आकडे लागतात.

2027 च्या जनगणनेचे आकडे आले, की अशी चित्रं पुन्हा फिरतील, आपली आणि शेजाऱ्यांचीही. घाबरवणारं चित्र पुढे ढकलण्याआधी स्तंभाचा पाय शून्यावर टेकलाय का, एवढं बघा. अक्षावर आकडेच नसतील, तर पट्टी काढा.

आपला,
एक निवृत्त शाळामास्तर, बेळगाव