आधी मोबाइल धरा, मग उत्तर लिहा!

ज्याच्या हाती माउसच नाही त्याला 'राइट क्लिक करा' म्हणून फर्मावणारे मदतकक्ष आम्ही आणखी किती दिवस सहन करायचे? शेतकरी चॅटवर एवढेच लिहितो, 'सातबारा डाउनलोड केला, पण सापडत नाही.' यंत्राचा उल्लेख नाही, स्क्रीनशॉट नाही. तिकडून उत्तर येते: फाइलवर राइट क्लिक करा, कंट्रोल-पी दाबून प्रिंट काढा, खाली पाच रकान्यांचा तक्ता! १५ रुपये मोजून डिजिटल सहीचा उतारा घेतलेल्या माणसाने कंट्रोलचे बटण फोनवर कुठे शोधावे?

अडाणी शेतकरी नाही, उत्तर लिहिणारा आहे! आपल्या टेबलावर संगणक आहे म्हणून समोरच्याच्याही टेबलावर तो आहे, असे तो गृहीत धरतो. हा अंदाजच आहे, आणि वाईट अंदाज आहे. या देशातल्या इंटरनेट जोडण्यांपैकी शंभरात नव्वदहून अधिक बिनतारी आहेत. बिनतारी जोडणी म्हणजे फोनच असे नाही, हॉटस्पॉटवर लॅपटॉपही चालतो. पण खूण नसताना पहिला कौल कोणाकडे द्यायचा, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

शिवाय चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. फोनसाठी लिहिलेली आखूड, क्रमवार वाक्ये संगणकावर सुखाने वाचता येतात. उलट साध्या फोनवर पानाची रुंदी ३६० पिक्सेलच्या आसपास. पाच रकान्यांत प्रत्येकाला सत्तरही धड मिळत नाहीत, 'भूमापन क्रमांक' तुकडे होऊन खाली लोंबतो.

मग लिहायचे कसे? असे: 'फोनवर असाल तर "फाइल्स" अ‍ॅप उघडा, "डाउनलोड्स"मध्ये जा, सर्वांत नवी पीडीएफ पाहा. संगणकावर असाल तर तसे कळवा.' अंदाज पहिल्या वाक्यात उघड सांगितला, दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली. आधी पाच प्रश्नांची उलटतपासणी नको!

पण अंदाजाला चिकटून बसणारा तितकाच दोषी. 'प्रिंटर दिसत नाही', 'एक्सेलमध्ये उघडतो' असा एक शब्द आला, की मोबाइलचा अंदाज त्याच क्षणी सोडला पाहिजे. आडवा, खाली टास्कबार दिसणारा स्क्रीनशॉट आला तरीही तेच. आणि अंदाज देशाच्या आकड्यावर नव्हे, त्या चॅटवर येणाऱ्या माणसांवर बेतावा. हिशेबनिसांच्या सॉफ्टवेअरच्या मदतकक्षात येणारा बहुधा संगणकासमोरच बसलेला असतो. तिथे मोबाइल धरणे हीच चूक ठरेल.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक मदतकक्षाने गेल्या महिन्यातले, ज्यांत यंत्र पुढे कळून आले असे संवाद काढावेत, त्यांत फोनवाले किती ते मोजावे आणि तो आकडा उत्तर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टांगावा. तोवर शेतकऱ्यांना पाठवायचे राइट क्लिकचे तयार मसुदे आजच्या आज रद्द करा!