मोबाइल हरवला तर आधी सिम बंद करा

मालेगावहून भिवंडीला कापडाच्या वसुलीसाठी आलेल्या एका व्यापारी भाईंचा मोबाइल एस.टी. स्टँडवर दुपारी चार वाजता गेला. ‘मोबाइलला लॉक आहे, चोराच्या काय कामाचा?’ असे म्हणून ते निर्धास्तपणे घरी परतले. रात्री दोन गिऱ्हाइकांचे फोन आले: ‘भाई, तुमच्या सांगण्याप्रमाणे नव्या खात्यात पैसे टाकले.’ भाईंनी तसे काही सांगितलेच नव्हते.

घडले ते साधे होते. लॉक मोबाइलला असते, सिमला नसते. चोराने सिम काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घातले, त्यावर ओटीपी मागवला आणि भाईंच्या नंबरचे व्हॉट्सॲप स्वतःकडे सुरू केले.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की मोबाइल शोधत फिरण्याआधी पहिला फोन सिम कंपनीला करावा आणि सिम बंद करवावे. दुसरा बँकेला करून यूपीआय व नेटबँकिंग थांबवावे. तक्रारीचा नंबर व वेळ लिहून ठेवावी. पैसे गेलेच असतील तर १९३० वर ताबडतोब कळवावे.

मात्र सिम बंद झाले तरी मोबाइलमधील खाती चालूच राहतात. लॉक उघडले गेले, तर वायफायवर मेल आणि व्हॉट्सॲप दोन्ही चालतात. गूगलसाठी दुसऱ्या मोबाइलवरून myaccount.google.com उघडावे, Your devices मध्ये हरवलेला मोबाइल निवडून Sign out करावे आणि पासवर्ड बदलावा. व्हॉट्सॲपसाठी त्याच नंबरचे नवे सिम घेऊन ते दुसऱ्या मोबाइलवर सुरू करावे. मग जुन्यावरचे आपोआप बंद होते.

येथे एक अडचण येते. नवे सिम मिळाल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम २०२२ पासून आहे. त्या वेळेत एसएमएसचा ओटीपी येत नाही, आणि गूगलने तोच मागितला तर आपलेच खाते आपल्याला उघडत नाही. यावर उपाय आधीच करावा लागतो. गूगल दहा बॅकअप कोड देते. ते कागदावर उतरवून घरच्या तिजोरीत ठेवावेत. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावावा; तो असता तर नुसत्या ओटीपीवर भाईंचे व्हॉट्सॲप चोराला सुरू करता आले नसते.

सिमलाही पिन लावता येतो. मग सिम दुसऱ्या मोबाइलमध्ये घातले की आधी पिन मागितला जातो. कंपनीचा मूळ पिन विचारूनच तो बदलावा, कारण तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि पीयूके नंबर लागतो.

पोलीस तक्रारीची प्रत घेऊन ceir.gov.in वर मोबाइलही बंद करवता येतो. पण ते काम शेवटचे. भाईंचा मोबाइल काही हजारांचा होता. गिऱ्हाइकांचे पैसे आणि विश्वास मात्र सिममुळे गेला.