पुस्तक उघडे, पण अनुच्छेद कोठे?

पुस्तक उघडे ठेवून परीक्षा द्यावयाची म्हणजे अभ्यासाला सुट्टीच, असा समज पुष्कळांचा असतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीच्या वर्गासाठी २०२६-२७ पासून ही पद्धती आणण्याचे २०२५ साली ठरविल्यापासून तर बाजारातील तयार सूची विकत घ्यावी काय, अशी विचारणाही होऊ लागली आहे. माझे मत स्पष्ट आहे : सूची हवीच, परंतु ती ज्याची त्याने, स्वतःच्या हाताने केलेली हवी. याची कारणे एका उदाहरणाने सांगतो.

समजा, नागरिकशास्त्राची परीक्षा आहे आणि ‘भारताचे संविधान’ जवळ बाळगण्यास अनुमती आहे. दीड तासात वीस प्रश्न असल्यास एका प्रश्नाच्या वाट्याला साडेचार मिनिटे येतात. त्यांतली तीन पाने चाळण्यात गेली, तर लिहावयाचे केव्हा ? आता प्रश्न असा आहे : “गुजरातेत राहणाऱ्या मराठी मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाविषयी संविधान काय सांगते ?” हा प्रश्न आपल्या वडोदऱ्यातील शाळेला परका नाही. विद्यार्थी साहजिकच मूलभूत हक्कांचा तिसरा भाग उघडतो. तेथे अनुच्छेद ३० मध्ये अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क आढळतो; पण मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची तरतूद आहे सतराव्या भागात, अनुच्छेद ३५०क मध्ये. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ती तेथे घातली गेली. पुस्तकाची अनुक्रमणिका पुस्तकाच्या क्रमाने चालते, प्रश्न मात्र विषयाच्या शब्दांनी येतो. ही दरी सूचीने भरून काढावयाची असते.

म्हणून प्रथम परीक्षेचे नियम पाहावेत. वकिलांच्या अखिल भारतीय परीक्षेत कायद्याचे मूळ पुस्तक नेता येते, पण टिपणे चालत नाहीत. अशा ठिकाणी सूची घरीच करून मनात ठेवावी लागते. अनुमती असल्यास पुस्तक एकदा सलग वाचावे आणि वाचताना प्रश्नकर्ता जो शब्द वापरील तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहावा. एका तरतुदीला एकच शब्द पुरत नाही. ३५०क साठी ‘मातृभाषा’, ‘प्राथमिक शिक्षण’, ‘भाषिक अल्पसंख्याक’ अशा तीन चिठ्ठ्या हव्यात. पुढे पानाचा नव्हे, अनुच्छेदाचा अंक घालावा. आवृत्ती बदलली की पान बदलते, अनुच्छेद बदलत नाही. मग चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावून दोन पृष्ठांत उतरवाव्यात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यावयाचे की ‘क’ व ‘ज’ खाली, हे आधीच ठरवावे.

जेथे एकच विषय अनेक ठिकाणी विखुरला आहे, तेथे कोष्टक करावे :

| शिक्षण | अनुच्छेद | स्वरूप |
|---|---|---|
| वय ६ ते १४, मोफत व सक्तीचे | २१क | मूलभूत हक्क |
| सहा वर्षांपर्यंतचे संगोपन व शिक्षण | ४५ | मार्गदर्शक तत्त्व |
| पालकांचे कर्तव्य | ५१क, शेवटचा खंड | मूलभूत कर्तव्य |
| मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण | ३५०क | राज्याने करावयाचा प्रयत्न |

या कोष्टकातील तिसरा स्तंभ सर्वांत मोलाचा आहे. ३५०क सापडताच ‘हा मुलांचा हक्क आहे’ असे लिहिणारा विद्यार्थी चुकतो. कारण पुरेशा सोयी करून देण्याचा ‘प्रयत्न’ राज्याने करावा, अशी तेथील भाषा आहे. सूची जागा दाखविते, उत्तर देत नाही. तसेच घरातील जुनी प्रत वापरू नये. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीपूर्वी अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची गोष्ट होती आणि २१क नव्हताच. माझी मातृभाषा कोकणी. तीही १९९२ च्या एकाहत्तराव्या दुरुस्तीपूर्वीच्या प्रतीत आठव्या अनुसूचीत सापडावयाची नाही.

सूचीची परीक्षा आधी घ्यावी. मित्राने दहा प्रश्न वाचावेत आणि आपण घड्याळ लावून अनुच्छेद शोधावेत. अर्ध्या मिनिटात जो सापडला नाही, त्याच्यासाठी आपण प्रथम कोणता शब्द शोधला तो आठवून तोच सूचीत घालावा. सूची दोन पृष्ठांवरून दहांवर गेली, तर आपण पुस्तकच उतरवून काढीत आहोत असे समजावे.

तयार सूचीने वेळ वाचतो, असा आक्षेप येईल. वाचतो खरा, पण घरी, परीक्षेत नव्हे. दुसऱ्याने केलेल्या सूचीत शब्द दुसऱ्याचे असतात. मला ‘मातृभाषा’ आठवते आणि त्याने ‘भाषिक सुविधा’ लिहिले असते, म्हणजे मला आता दोन पुस्तकांत शोध घ्यावा लागतो. शिवाय चिठ्ठी लिहिताना जो अनुच्छेद आपण वाचला, तो शोधण्याची वेळच पुष्कळदा येत नाही.