रात्री आठच का?

बेळगावात खडेबाजार असो की शहापूर, साडी, सोनं किंवा कुंदा विकणाऱ्या बऱ्याच दुकानांची आता इन्स्टाग्राम-फेसबुकवर पानं आहेत. कोणत्या वेळेला पोस्ट टाकायची असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: रात्री आठ. हे उत्तर जुन्या आकड्यांवरून काढलंय असंही सांगतात. माझं म्हणणं असं, की त्या आकड्यांना नीट प्रश्नच विचारलेला नसतो.

शहापुरातलं एक साडीचं दुकान धरू. आकडे समजण्यापुरते आहेत. तीन महिन्यांत साठ पोस्ट झाल्या. मेटा बिझनेस स्वीटमधून त्यांची फाइल उतरवून घेता येते. त्यात प्रत्येक पोस्टची वेळ, ती किती जणांपर्यंत पोचली आणि लाइक, कमेंट, शेअर किती, हे सगळं असतं. लाइक, कमेंट, शेअरच्या बेरजेला पोचलेल्या माणसांच्या संख्येने भागलं, की प्रतिसादाची टक्केवारी निघते. गेल्या आठ दिवसांतल्या पोस्ट मात्र हिशेबातून वगळाव्यात, त्यांचा प्रतिसाद अजून येतच असतो.

फाइलमधली वेळ भारताचीच असते असं समजू नका. रात्री आठला टाकलेली एक पोस्ट शोधा. फाइलमध्ये तिच्यासमोर 14:30 दिसलं, तर घड्याळ जागतिक वेळेचं आहे. सकाळचे साडेसहा किंवा साडेसात दिसले, तर ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं आहे. ही दुरुस्ती राहिली, तर पुढचं सगळं वेळापत्रक चुकतं.

आता प्रत्येक तासाचा आकडा काढायचा. इथे सरासरी फसवते. सकाळी नऊच्या आठ पोस्टपैकी सातांना साठ-साठ प्रतिसाद आले आणि वरातीच्या एका रीलला दोन हजार चारशे, तर सरासरी साडेतीनशेच्या वर जाते. खरी सवय साठाचीच आहे. म्हणून मध्यक घ्यावा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला. गूगल शीटमध्ये हे एका ओळीत होतं. C रकान्यात पोस्टचा प्रकार, D मध्ये तास आणि E मध्ये टक्केवारी असेल, तर:

```
=MEDIAN(FILTER(E2:E61, C2:C61="रील", D2:D61=20))
```

सूत्रात प्रकाराची अट मुद्दाम घातली आहे. आपल्या दुकानाचा रात्री आठचा मध्यक ४.२ टक्के आणि दुपारी एकचा २.८ टक्के आला, म्हणजे आठ जिंकले असं वाटतं. पण आठच्या चौदा पोस्टपैकी नऊ नव्या साड्यांच्या रील होत्या आणि दुपारी बहुतेक वेळा सवलतीचे फलक टाकले होते. फक्त रील वेगळ्या काढल्या, तर रात्रीचा मध्यक ४.६ येतो आणि दुपारचा ४.९. जोर वेळेचा नव्हता, साडीच्या रीलचा होता. अर्थात दुपारच्या रील तीनच आहेत, आणि तेवढ्यांवरून दुपारही जिंकली म्हणता येत नाही.

म्हणून पुढच्या आठवड्याच्या सात पोस्टपैकी पाच ओळखीच्या वेळांना लावा आणि दोन रील मुद्दाम दुपारी एकला. दर आठवड्याला असंच केलं, तर महिनाभरात आठ रीलचा पुरावा हाती येतो. ज्या तासाला कधी पोस्टच टाकली नाही, त्या तासाबद्दल जुने आकडे काहीही सांगू शकत नाहीत. फॉलोअर कधी ऑनलाइन असतात, याचा आलेख ॲपमध्ये दिसतो खरा. पण ऑनलाइन असणं वेगळं आणि थांबून साडीचा भाव विचारणं वेगळं.

आपल्या भागात आणखी एक फोड करावी लागते. मराठी आणि कन्नड मजकुराच्या पोस्ट एकाच मध्यकात घालू नयेत, कारण निपाणी-कोल्हापूरकडचा ग्राहक आणि बैलहोंगलकडचा ग्राहक एकाच वेळी फोन बघतील असं नाही. लग्नसराईतला तासही आषाढात तसाच चालेल, हे गृहीत धरू नये.

वेळा ठरल्या, की मेटा बिझनेस स्वीटच्या प्लॅनरमध्ये रविवारी बसून आठवडाभराच्या पोस्ट तारीख-वेळेसह लावून टाकता येतात. त्या आपोआप जातात आणि धोकाही तिथेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेच्या वादातून कर्नाटक-महाराष्ट्र बससेवा बंद पडली होती. अशा दिवशी 'कोल्हापूरहून या, आज खास सवलत' ही आधी लावलेली पोस्ट ठरल्या वेळी जातेच. मशीनला बंद कळत नाही, गावातला मृत्यूही कळत नाही. म्हणून शेड्यूल लावणाऱ्या प्रत्येक दुकानाला माझी विनंती आहे: दुकानातल्या एका माणसाकडे पानाचा ताबा द्या, रोज सकाळी आजची पोस्ट बघायला सांगा, आणि कुणाला न विचारता ती थांबवायची मुभा त्याला द्या.